अनुभव धागा: वस्तू धरणारे हात, पोझ लायब्ररी आणि बोटांचा आयके

मृण्मयी: थ्रीडी पात्राच्या हातात दर वेळी वेगळी वस्तू येते: टॉर्च, कप, पेन, दोरी. तुम्ही लायब्ररीत किती पकडी ठेवता, आणि बोटं वस्तूच्या आकाराला कशी बसवता? प्रत्यक्ष केलेलं काम सविस्तर लिहा.

ओंकार_रिगर: माझ्या मते लायब्ररीची गरजच नाही. प्रत्येक बोटाच्या टोकाला आयके लावा, टार्गेट वस्तूच्या पृष्ठभागावर ठेवा, झालं. बोटाचं टोक मिलिमीटरपर्यंत बरोबर बसतं.

शर्वरी: ओंकार, टोक बसतं हे खरं, पण आयकेला फक्त टोकच कळतं. मधलं पेर दांड्याच्या आत घुसलं तरी सॉल्व्हरच्या हिशेबात उत्तर बरोबरच असतं. तीन पेरांच्या साखळीला त्याच टोकापर्यंत पोचायचे अनेक मार्ग असतात. त्यातला माणसाच्या हातासारखा कोणता, हे पोझच सांगते.

माझी पद्धत अशी. मुठीची पोझ मी साधारण ४ सेंटिमीटर जाडीच्या दांड्यावर बनवते, आणि तिच्या जोडीला त्याच मुठीची उघडी पोझ. लायब्ररीत ही जोडी जाते, एकटी बंद पोझ कधीच नाही. मग समजा २.५ सेंटिमीटर जाडीचा टॉर्च आला. आधी टॉर्च तळहाताला टेकवायचा, बोटांना तोवर हात लावायचा नाही. इथे फट राहिली तर पुढचं सगळं खोटं दिसतं. मग प्रत्येक बोट स्वतंत्रपणे उघड्या पोझकडून बंदकडे थोडं थोडं सरकवायचं. दांड्यावर बनवलेली बंद पोझ ४ सेंटिमीटरवर न थांबवता बोटं पूर्ण मिटेपर्यंत पुढे न्यायची, नाहीतर बारीक वस्तूवर बोट मध्येच अडखळतं.

प्रत्येक पेराभोवती एक कॅप्सूल असते. मुळाचं पेर आधी टेकलं, तर फक्त मुळाचा सांधा थांबतो आणि पुढची दोन पेरं मिटत राहतात. त्यामुळे बोट वस्तूभोवती खरोखर गुंडाळलं जातं. कॅप्सूल मांसापेक्षा एक-दोन मिलिमीटर बारीक ठेवा, म्हणजे बोट दाबल्यासारखं दिसतं. बरोबर मापाची ठेवली की ते तरंगल्यासारखं वाटतं.

आयके सगळ्यात शेवटी, आणि बोटाची गादी पृष्ठभागापासून चार-पाच मिलिमीटरच्या आत असेल तरच. अंतर त्याहून जास्त असेल तर पोझ चुकली आहे, आयकेने ती झाकू नये. चूक ओळखायची खूण म्हणजे टोकाचा सांधा मागे वळतो. वस्तू जाड आणि टार्गेट लांब असलं की हमखास. मुठीसाठी मी त्या सांध्याला उलटं वळू देत नाही आणि त्याचा कोन मधल्या सांध्याच्या साधारण दोन-तृतीयांश ठेवते.

निनाद: मी हातांची स्केचेस करतो. फोटो पाहून मुठीच्या पोझ काढल्या आहेत, हव्या असतील तर देतो. अंगठ्याची सावली कशी द्यायची, हा प्रश्न आहे ना?

मृण्मयी: निनाद, धागा थ्रीडी रिगबद्दल आहे. पण फोटो नक्की द्या, पोझ बनवताना समोर ठेवता येतील.

केतकी_व्हीआर: आमच्याकडे कपाच्या कानात बोट जातच नव्हतं, बाहेरच अडायचं. कोड तपासला, त्यात दोष नव्हता. कपाचा कोलायडर कॉन्व्हेक्स होता आणि त्याने कानातली पोकळी बुजवून टाकली होती. कान चार-पाच छोट्या कॅप्सूलमध्ये तोडल्यावर तर्जनी आत शिरली. कोलायडर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो रंगवून बघायची सवय मी टीममध्ये लावली आहे.

ओंकार_रिगर: शर्वरीताई, मूठ पटली. मग पेन? तिथे टोकंच महत्त्वाची ना?

शर्वरी: हो, तिथे तुझं म्हणणं बरोबर. चिमटीत टोकांचं स्थान आधी ठरतं, मग बाकीची पेरं. नेपियरने १९५६ मध्ये पकडीचे हे दोन प्रकार मांडले, ताकदीची आणि नेमकेपणाची. कोणती वापरायची हे वस्तूच्या आकारापेक्षा काम काय करायचंय त्यावर जास्त ठरतं, हे त्याचं निरीक्षण मला फार उपयोगी पडलं. बरणीचं घट्ट झाकण मुठीने फिरवतो, सैल झालं की तेच बोटांच्या टोकांनी. म्हणून माझ्या लायब्ररीत नावं वस्तूंची नाहीत, कामांची आहेत: मूठ, चिमूट, कडी, तळहातावर पेलणं. थोड्याच जोड्यांवर बरंच भागतं.

केतकी_व्हीआर: अंगठ्याचं काय करता? एका स्लायडरवर तो आमच्याकडे कधीच नीट बसला नाही.

शर्वरी: बसणार नाही. त्याच्या मुळाचा सांधा दोन दिशांना फिरतो. मी मुठीसाठी दोन अंगठे ठेवते, एक बोटांवर येणारा आणि एक दांड्याच्या लांबीला पडणारा. कुठला घ्यायचा हे प्रॉपवरच लिहून ठेवते.

मृण्मयी: आणि उशीसारख्या दबणाऱ्या वस्तूला?

शर्वरी: तिथे बोट आधी थांबवायचं की उशी आधी दाबायची, यावर आमच्यात अजून एकमत नाही. सध्या उशीचा कोलायडर थोडा आत घेतो. मोठ्या उशीला चालतं, छोट्या स्पंजला नाही.