सह्या होत्या, मंजुरी होती. मग टीजीएन1412 मध्ये नीतिभंग झाला कुठे?

मिरजेचा_रेसिडेंट: फार्माकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "लंडनची 2006 ची टीजीएन1412 या नव्या औषधाची चाचणी, सहा निरोगी माणसं गंभीर आजारी पडली ती. नीतिभंग झाला का?" मी म्हटलं, नाही. सगळे प्रौढ, शिकलेले, संमतीपत्रावर सह्या केलेल्या, नीतिसमिती आणि नियामक दोघांची मंजुरी. सर नुसते हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तुमचं काय मत?

विश्रामबागकर: तुमचं उत्तर बरोबर आहे. ब्रिटनच्या नियामकाने नंतर तपास केला. औषधाच्या उत्पादनात दोष नव्हता, डोस मोजण्यात चूक नव्हती. माकडांत जे दिसलं नाही ते माणसांत दिसलं, बस्स. फेज वन म्हणजे निरोगी माणसांवर पहिला प्रयोग, त्यात धोका असणारच. तो पत्करूनच लोक सही करतात. दुर्घटना आणि गुन्हा यांत फरक करायला शिका. प्रत्येक अपघातामागे खलनायक शोधायची आपल्याला खोडच आहे.

जतचे_काका: आमच्या भाच्याचं सांगतो. पोरगं औषधाच्या चाचणीला अहमदाबादला जातंय. चार दिवस ठेवून घेतात, रक्त काढतात, पैसे देतात. एकीकडनं आलं की मधले तीन महिने थांबायला पाहिजे म्हणे, पण हे दुसरीकडं जाऊन "मी पहिल्यांदाच आलोय" सांगतं. सही तर तेही करतंय की. ऊस लागला नाही त्या वर्षी त्याचं घर त्यावर चाललं. ह्याला फेज वनच म्हणायचं ना?

औषधशास्त्र_कराड: काका, भाच्याचं बहुतेक बायोइक्विव्हॅलन्सचं काम असणार. म्हणजे बाजारात आधीच असलेलं औषध दुसऱ्या कंपनीनं बनवलं, तर रक्तात ते तितकंच चढतं का ते बघतात. औषध ओळखीचं, डोस ओळखीचा. फेज वनमध्ये तो रेणू माणसाच्या अंगात पहिल्यांदाच जातो. तरी भाच्याचं लपवणं धोक्याचंच आहे. आधीचं औषध अंगात शिल्लक असेल तर नव्याशी त्याचा झगडा होऊ शकतो, आणि अभ्यासाचे आकडेही बिघडतात. काही इजा झालीच तर मोफत उपचाराची जबाबदारी 2019 च्या नियमांत अशा अभ्यासांनाही लागू आहे, पण लपवलेलं उघडं पडलं की इजा नक्की कशामुळे झाली यावरच वाद सुरू होतो. त्याला एकदा हे सांगा.

आता मूळ मुद्दा. विश्रामबागकर, नियामकाच्या अहवालाचं तुम्ही बरोबर सांगितलंत. पण तेवढ्यावर थांबू नका, आकडे बघा. माकडांना किलोला 50 मिलिग्रॅम देऊनही त्रास झाला नव्हता. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं माणसाला ते साधारण 16 होतात. दहापट सुरक्षितता धरली की 1.6. कंपनीनं त्याहूनही खाली येऊन 0.1 वर सुरुवात केली, म्हणजे माकडाच्या डोसचा पाचशेवा भाग. कागदावर कुणालाही पुरेसं वाटावं असंच ते होतं.

पण हे औषध रोगाशी लढणाऱ्या टी पेशींना नेहमीच्या पहिल्या इशाऱ्याशिवाय जागं करण्यासाठीच बनवलं होतं. अशा औषधात "प्राण्याला किती सोसलं" हा प्रश्नच अपुरा पडतो. "माणसाच्या पेशीवर किती डोसपासून परिणाम सुरू होतो" हे विचारावं लागतं. तसं पाहिलं तर हे औषध पेशीवर जिथं चिकटतं ते बहुतेक रिसेप्टर त्या 0.1 मध्येच भरून जात होते. आणि माकडाच्या ज्या टी पेशींनी खरा गोंधळ घालायला हवा, त्यांच्यावर तो रिसेप्टरच नसतो, हे नंतर उलगडलं. त्यामुळे माकडाला काही झालं नाही, हा दिलासा पोकळ होता.

विश्रामबागकर: "नंतर उलगडलं" हे तुम्हीच लिहिलंत मॅडम. म्हणजे हे पश्चातबुद्धीचं शहाणपण झालं. त्या दिवशी कुणाला काय ठाऊक होतं?

औषधशास्त्र_कराड: माकडाच्या पेशींचं नंतर कळलं, मान्य. पण टी पेशींना चिथावणारी अँटिबॉडी दिली की सायटोकाईन म्हणजे अंगात दाह पेटवणारी द्रव्यं उसळतात, हे मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरलेल्या जुन्या औषधामुळे 2006 च्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. चला, तेही सोडा. डोस बरोबर होता असं धरू.

मग एकच गोष्ट बघा. त्या दिवशी आठ जण होते, सहा औषधावर आणि दोघे प्लासिबोवर. एकेकाला दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं इंजेक्शन दिलं. म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सत्तर मिनिटं. डोकं दुखणं, पाठदुखी, थंडी वाजणं हे सुरू झालं साधारण तासा-दीड तासात. पहिल्याकडून काही शिकायच्या आत जवळजवळ सगळ्यांच्या नसांत औषध गेलेलं होतं. पुढे सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले, त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. जीव वाचले, ते तिथल्या डॉक्टरांमुळे.

आता सांगा, पहिल्याला औषध देऊन बाकीच्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवलं असतं, तर विज्ञानाचं काय बिघडलं असतं? काहीही नाही. निष्कर्ष तोच, जखमी मात्र सहाऐवजी एक. काहीही हरवणार नसताना टाळता येणारा धोका तसाच ठेवला, तर तो कुणाच्या सहीनं माफ होत नाही. म्हणून मी याला नीतिभंग म्हणते. आणि तो संमतीचा नव्हे, आराखड्याचा. मिरजेचा रेसिडेंट, तुझं उत्तर चुकलं ते इथं. तू फक्त स्वायत्ततेचा कप्पा तपासलास, अपाय टाळण्याचा उघडलाच नाहीस.

वकीलबाई_सांगली: मी एका नीतिसमितीवर बिगर-वैद्यकीय सदस्य आहे. खरं सांगते, गठ्ठा येतो तेव्हा मराठी संमतीपत्र नीट वाचलं की आपलं काम झालं असं वाटतं. प्राण्यांवरचे निष्कर्ष, डोसचा हिशेब हे डॉक्टर मंडळी बघतील असं समजून पान उलटतो. औषधशास्त्र मॅडम, आमच्यासारख्यांनी हे कसं ओळखायचं?

औषधशास्त्र_कराड: हिशेब तुम्ही करू नका, ताई. एकच विचारा: पहिल्याला औषध दिल्यावर दुसऱ्याला कधी देणार, आणि तेवढंच अंतर का? उत्तर औषधाच्या परिणामाच्या वेळेशी जोडून आलं तर ठीक. "दिवसाचं वेळापत्रक बसवायचं होतं" असं आलं, तर फाईल परत पाठवा. वकिलाला उलटतपासणी मी काय शिकवणार!

साताऱ्याची_पीएचडी: संमतीचा मुद्दा इतका बाजूला टाकू नका. फ्रान्समधलं रेन, 2016. निरोगी लोकांना एक औषध रोज देत होते. वाढत्या डोसच्या गटातला एक जण 10 जानेवारीला संध्याकाळी रुग्णालयात दाखल झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गटातल्या इतरांना पुढचा डोस दिला, आणि सोबत्याचं काय झालं ते सांगून पुन्हा संमती घेतली नाही. तो माणूस पुढे वारला. त्या सकाळी त्यांना विचारलं असतं तर किती जणांनी हात पुढे केला असता? पहिल्या दिवसाच्या सहीवर सहाव्या दिवसाचा डोस कसा चालवता?

विश्रामबागकर: रेनचं मान्य, तिथं सांगायलाच हवं होतं. पण लंडनबाबत मी ठाम आहे. दहा मिनिटांचं अंतर आराखड्यात लिहिलेलं होतं, समितीनं पाहून मंजूर केलं होतं. तेव्हाच्या रिवाजाला आजचा नियम लावू नका. एका वेळी एकालाच औषध देण्याचा आग्रह त्या घटनेनंतरच पक्का झाला.

औषधशास्त्र_कराड: रिवाज होता म्हणून निर्णय समजून घेता येईल, योग्य ठरवता येणार नाही.

जतचे_काका: तुमचं चालू द्या, माझं राहिलं. त्या गोऱ्या पोरांना पैसे किती मिळाले होते?

साताऱ्याची_पीएचडी: सुमारे दोन हजार पौंड, काका.

जतचे_काका: एवढे पैसे समोर ठेवले की दोघांच्यात किती अंतर ठेवताय, कोण विचारणार? माझा भाचा तरी विचारणार नाही.

वकीलबाई_सांगली: काकांचं म्हणणं आमच्या बैठकीत दरवेळी अडतं. पैसे कमी ठेवले तर गरिबाला स्वस्तात वापरलं, जास्त ठेवले तर आमिष दाखवलं. आमच्या अध्यक्षांचं मत आहे की बुडालेली मजुरी, प्रवास आणि गैरसोय एवढंच मोजावं, धोक्याचा भाव लावू नये. मला ते पटत नाही. धोका तर तोच माणूस उचलतोय.

मिरजेचा_रेसिडेंट: मॅडम, उद्या सरांना दहा मिनिटांचं सांगतो. पैशाचं विचारलं तर मात्र काय बोलू ते अजून कळत नाहीये.