शब्दचर्चा: 'प्रमाणबद्ध बळ' की 'गरजेपुरतं बळ'?

कृष्णाकाठ: एका फौजदारी निकालाचा मराठी गोषवारा करतोय. वाळवा तालुक्यातल्या वाचकांना समजावा एवढीच अपेक्षा. पहिल्या खर्ड्यात 'आरोपीने वापरलेले बळ प्रमाणबद्ध नव्हते' असं आलंय. वाचलं की मूर्तिकार डोळ्यासमोर येतो. 'प्रपोर्शनेट'ला दुसरा शब्द काय घ्यावा? आणि 'स्वसंरक्षण' बरोबर की 'आत्मसंरक्षण'?

भिलवडीकर: सरळ 'जशास तसं' लिहा की. समोरच्याकडं काठी असेल तर तुमच्याकडं काठीच पाहिजे, कोयता असेल तर कोयता. कोर्ट हेच बघतं.

जुनी सनद: भिलवडीकर, निम्मं बरोबर आहे. कोर्ट दोघांची हत्यारं बघतं, पण जोडी जुळवायला नव्हे. 'जशास तसं' म्हणजे तर सूड झाला, आणि सूड घेतला की हा बचाव गेलाच.

आधी मूळ वाक्य काय आहे ते बघू. भारतीय न्याय संहितेत हा विषय कलम 34 ते 44 मध्ये आहे. 1 जुलै 2024 च्या आधीच्या घटनेला जुन्या दंड संहितेची 96 ते 106 ही कलमं लागतात, मजकूर बराचसा तोच. मर्यादा सांगणाऱ्या कलम 37 मध्ये 'प्रमाण' हा शब्दच नाही. बचावासाठी जेवढी इजा करणं आवश्यक आहे, तिच्यापेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क नाही, एवढंच तिथं म्हटलंय. म्हणजे माप समोरच्याच्या हत्याराचं नाही, गरजेचं. मी 'गरजेपुरतं बळ' लिहीन.

'स्वसंरक्षण' बोलीत रुळलाय, पण तो तोकडा पडतो. कलम 35 प्रमाणे हा हक्क दुसऱ्याचं शरीर आणि मालमत्ता वाचवतानाही आहे. शेजारणीवर कोणी कुऱ्हाड उगारली आणि तुम्ही त्याचा हात मोडलात, तर त्यात 'स्व' कुठाय? म्हणून कायद्याच्या लिखाणात 'खासगी संरक्षण' येतं. 'आत्मसंरक्षण'चीही तीच अडचण.

पाटणचा डोंगर: आमच्याकडं रानडुकरं भुईमूग ठेवत नाहीत. कुंपणाला करंट सोडला तर ते खासगी संरक्षणात बसतं का? मागल्या साली माझं अर्धं रान गेलं.

जुनी सनद: दादा, हा प्रश्न वेगळा. हे कलम माणसाच्या गुन्ह्याविरुद्ध आहे, डुकराच्या नाही. वन्यजीव कायद्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला तर सूट आहे, पीक वाचवताना नाही. करंट तर सोडूच नका. तार माणूस ओळखत नाही. रात्री पाणी धरायला गेलेला शेजारी चिकटला तर तुमच्यावर हल्ला कुणी केला होता, याला उत्तर नसतं.

औंधकरीण: 'गरजेपुरतं' पटतंय. पण गरज ठरवणार कोण आणि कधी? मार खाणारा त्या क्षणी, की न्यायाधीश चार वर्षांनी पंख्याखाली बसून?

जुनी सनद: ताई, खरा पेच तोच आहे. एक कल्पित प्रसंग घेऊ.

रात्रीची पाण्याची पाळी. अ उसाच्या सरीत खोरं घेऊन उभा आहे. ब कोयता घेऊन येतो, दारं मोडलं म्हणून शिवी देतो आणि अ च्या खांद्यावर घाव घालतो. अ खोऱ्याचा दांडा त्याच्या मनगटावर मारतो. मनगट मोडतं, कोयता सरीत पडतो. ब तो उचलायला वाकतो. अ दुसरा घाव डोक्याच्या बाजूला घालतो. ब उठतो आणि बांधाकडं पळत सुटतो. अ पंधरा पावलं मागं जाऊन त्याच्या टाळूच्या मागच्या बाजूला आणखी दोन घाव घालतो. ब मरतो.

कोर्ट चारही घाव एका पोत्यात भरत नाही. पहिल्याला अडचण नाही. दुसऱ्यावर वाद होईल, पण हत्यार अजून हाताच्या अंतरावर होतं. जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर कलम 38 खाली जीव घेण्यापर्यंतही हक्क पोचतो. इथंच न्यायालयं म्हणतात की घाव सोन्याच्या तराजूत तोलू नयेत, कोयता अंगावर आलेल्या माणसाकडून मोजूनमापून दांडा मारायची अपेक्षा नाही. पळून जायला हवं होतं, असंही कायदा म्हणत नाही.

तिसरा आणि चौथा घाव मात्र संरक्षणाचा नाही. भीती टिकते तोवरच हक्क टिकतो, कलम 40. जयदेव वि. पंजाब राज्य, 1963, हाही शेताच्या ताब्याचाच वाद. सुरुवातीला हक्क होता, पण समोरचे पळत सुटल्यावर तो संपला, असं सर्वोच्च न्यायालयाने धरलं.

आणि हे कळतं कशावरून? कोयता सरीत सापडला, रक्ताचं थारोळं पंधरा पावलांवर, शवविच्छेदनात जखम मागच्या बाजूला. पंचनाम्याचा नकाशाच बोलतो.

भिलवडीकर: बरं, माझं 'जशास तसं' मागं घेतलं. पण मग अ ला सरळ खूनच लागणार?

जुनी सनद: तिथं वकिलांचं एकमत नाही. हक्क असताना, सद्भावनेनं, आधी न ठरवता आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली, तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो, कलम 101 चा दुसरा अपवाद. पण हक्कच संपल्यावर 'ओलांडलं' म्हणता येतं का? मला वाटतं, नाही. बचावाचे वकील मग अचानक झालेल्या भांडणाच्या अपवादाकडं वळतात.

औंधकरीण: आणि सिद्ध कुणी करायचं?

जुनी सनद: आरोपीनं, पण सरकार पक्षाइतकं कडक नाही. असं घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढं पुरतं. ते सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही येऊ शकतं. बिघडतं ते असं: अ खांद्याला हळद लावून घरी बसतो आणि तिसऱ्या दिवशी वकिलाकडं जातो. त्याच रात्री सरकारी दवाखान्यात जखमेची नोंद झाली असती, तर सरकार पक्षाला त्या घावाचं उत्तर द्यावं लागलं असतं. ठाण्यात उलट फिर्यादही तेव्हाच द्यायची.

पाटणचा डोंगर: आणि नुसता बांध कोरला तर? माझा कोरलाय दोन हात.

जुनी सनद: कोरताना अडवा, पण त्यासाठी जीव घेण्याचा हक्क नाही. कोरून गेला असेल तर पोलिसांकडं जायला वेळ आहे. वेळ असेल तिथं हा हक्कच नाही, तेही कलम 37 मध्येच आहे. मोजणी मागवा.

कृष्णाकाठ: मग 'आरोपीने गरजेपेक्षा जास्त बळ वापरले' असं करतो. तरी एक शंका. दर्शन सिंग वि. पंजाब राज्य, 2010, या निकालात दोन्ही शब्द आहेत: बळ 'पूर्णपणे विषम' नसावं किंवा गरजेपेक्षा 'फारच जास्त' नसावं. म्हणजे प्रमाणही बघतातच की.

जुनी सनद: बघतात. आणि त्यातलं 'पूर्णपणे' नि 'फारच' गाळू नका, आरोपीला सवलत तिथंच आहे. तुमच्या वाक्यात ती दिसत नाही.

औंधकरीण: 'गरजेपेक्षा फारच जास्त' लिहा.

कृष्णाकाठ: माझ्या निकालात न्यायाधीशांनी 'फारच' म्हटलेलं नाही. मूळ पान परत काढतो.