ओळी ‘समेवर आणणे’ की ‘वेळा लावणे’?

आलापिनी: आमच्या हौशी गायनगटासाठी मी एलआरसी फाइली तयार करते. गाणे वाजत असताना योग्य क्षणी योग्य ओळ पडद्यावर उजळावी, म्हणून प्रत्येक ओळीपुढे तिची वेळ लिहावी लागते. या कामाला ‘समक्रमण’ म्हणणे कोरडे वाटते. ‘ओळी समेवर आणणे’ असे म्हटलेले चालेल का?

ठेका: शब्द देखणा आहे, पण फसवा. सम ही आवर्तनाची पहिली मात्रा असते आणि मुखडा पुष्कळदा तिच्या आधीच उठतो. समजा, खालच्या पहिल्या ओळीचा उठाव २१.४० सेकंदांवर आहे आणि सम ‘दारी’ या शब्दावर, २३.०० सेकंदांवर येते.

```
[00:21.40]पाऊस दारी थांबला
[00:27.10]
[00:31.85]अंगण ओले राहिले
```

येथे समेची वेळ लिहिली, तर गायकाला ‘पाऊस’ हा शब्द पडद्यावर ओळ उजळण्यापूर्वीच गावा लागेल. म्हणून वेळ उठावाचीच लिहावी. मधली रिकामी ओळ मुद्दाम आहे. या फाइलीत ओळ कधी संपते हे लिहिण्याची सोय नसल्यामुळे, ती नसेल तर वाद्यमेळ संपेपर्यंत जुनेच शब्द उजळलेले राहतात.

जुनी कॅसेट: माझ्या तर सगळ्याच ओळी थोड्या उशिरा उजळतात. गाणे ऐकत ऐकत कळ दाबून मी वेळा नोंदवल्या होत्या. वेळ मागे घ्यायची म्हणून `[offset:-300]` लिहिले, तर उशीर आणखी वाढला! ऑफसेटला मराठीत सरळ ‘विलंब’ म्हणावे असे माझे मत आहे.

ठेका: तुमची फसगत त्याच अर्थाने केली. रूढ संकेतानुसार अधिक संख्येने ओळी लवकर येतात, उणे संख्येने उशिरा, एकक मिलिसेकंद. त्यामुळे `[offset:300]` हवे होते. मात्र काही प्लेअर उलटा अर्थ लावतात आणि काही ही ओळ वाचतच नाहीत, म्हणून फाइल इतरांना द्यायची असेल तर मूळ वेळाच बदलाव्यात. त्याआधी पहिली आणि शेवटची ओळ तपासा. दोन्हींतील चूक सारखीच असेल, तर तो कळ दाबणाऱ्या बोटाचा उशीर आहे. शेवटाकडे चूक वाढत गेली असेल, तर बहुधा ध्वनिमुद्रणच वेगळे आहे आणि ऑफसेटने ते सुधारणार नाही. शब्द म्हणून मी ‘सरक’ सुचवेन, कारण त्यात दिशा गृहीत धरलेली नाही.

काना मात्रा: माझ्याकडे मराठी ओळींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. हेही समेचेच प्रकरण आहे का?

ठेका: नाही, ते अक्षरांचे प्रकरण आहे. फाइल UTF-8 मध्ये पुन्हा जतन करा. मात्र जतन करतानाच अक्षरांची प्रश्नचिन्हे झाली असतील, तर ओळी पुन्हा टंकाव्या लागतील.

आलापिनी: ‘सम’ मागे घेते. ‘चाल लावणे’ या धर्तीवर ‘ओळींना वेळ लावणे’ कसे वाटते?

जुनी कॅसेट: ‘वेळ लावला’ म्हणजे उशीर केला, असेच लोक समजतील. अनेकवचनी ‘वेळा लावणे’ कदाचित चालेल. पण ‘सरक’ मला अजूनही पटलेला नाही.