मदत हवी आहे: इवलीशी कोयरी डॉबीवर का बसत नाही?

मृण्मयी_दादर
कुशनच्या कापडासाठी विणीतच कोयरीची बुट्टी हवी आहे. कापडात इंचाला 60 ताणे म्हणजे उभे धागे, कोयरी 40 ताणे रुंद, म्हणजे पाऊण इंचही नाही. भिवंडीचे मागवाले म्हणतात, "मागावर 16 वह्यांची, म्हणजे ताणे उचलणाऱ्या 16 चौकटींची डॉबी आहे, यात बसणार नाही, जॅकार्डला जा." गेल्या वर्षी याच मागावर त्यांनी मला तीन इंचांच्या रिपीटचे चौकोन विणून दिले होते. एवढं मोठं बसलं आणि एवढंसं का बसू नये? मला टाळतायत का?

किरण७७
सोपं आहे. डॉबीवर चौकोन-त्रिकोण, जॅकार्डवर फुलंपानं. कोयरी वळणदार, म्हणून जॅकार्ड.

गिरणगावकर
किरण, वळणाचा संबंध आहे, पण ते कारण नव्हे. 1982 च्या संपापर्यंत मी परळच्या गिरणीत विणकाम खात्यात होतो, तेव्हा डॉबीवर फुलंही काढली आहेत.

मृण्मयीताई, मागवाले खरं बोलतायत. एका वहीत ओवलेले सगळे ताणे एकदम उचलले जातात. त्यामुळे नक्षी किती इंच आहे हे विचारू नका, वेगळं वागणारे ताणे किती आहेत ते मोजा. आलेख-कागदावर कोयरी काढा, एक उभी रांग म्हणजे एक ताणा, आणि तंतोतंत सारख्या रांगांना एकच नंबर द्या. चौकोनात शेकडो ताणे असले तरी नंबर सहा-आठच निघतील. कोयरीचं शेपूट एकीकडे वळतं, त्यामुळे जवळपास 40 च्या 40 रांगा वेगळ्या. तेवढ्या वह्या आणणार कुठून?

टेक्नोसॅव्ही_ठाणे
काका, तुमचा काळ वेगळा होता. आता इलेक्ट्रॉनिक डॉबी असते. पेनड्राइव्ह घातला की काहीही विणता येतं.

गिरणगावकर
पेनड्राइव्हने लांबीची अडचण गेली, रुंदीची नाही. आमच्याकडे लाकडी पट्ट्यांची साखळी असायची, एका पट्टीवर दोन पिकांच्या, म्हणजे दोन आडव्या धाग्यांच्या खुंट्या. 200 पिकांची नक्षी म्हणजे 100 पट्ट्या, आणि एक खुंटी पडली की ती चूक दर फेऱ्याला त्याच जागी आडवी दिसायची. ती साखळी आता फाइलमध्ये गेली. पण ती फाइलही एवढंच सांगते की या पिकाला कोणत्या वह्या वर. वह्या 16 त्या 16च.

सुलभा_गोरेगाव
विषय निघालाच आहे तर, माझी पैठणी जॅकार्डची आहे की हातची, कसं ओळखायचं? दुकानदार शपथेवर हातची म्हणतो.

गिरणगावकर
पदर उलटून बघा. हातच्या विणीत मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबत असतील तर शपथ विसरा. आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

मृण्मयी_दादर
काका, कोयरी सोडली. दोन्हीकडे सारखं असं चाफ्याचं फूल काढलंय, 24 ताणे. अर्ध्या रांगा सारख्या, म्हणजे 12 वह्या. जमिनीला, म्हणजे फुलांभोवतीच्या साध्या विणीला 4 धरून 16. बसलं ना?

गिरणगावकर
फार जवळ आलात. पण 24 नको, 23 करा. 24 मध्ये आरसा 12 आणि 13 च्या मध्ये पडतो, म्हणून ते दोन शेजारी एकाच वहीत जातात. फूल संपल्यावर साध्या विणीत एक वर, एक खाली असं हवं. तिथे हे दोघे जोडीने उठतील आणि वरखालच्या दोन फुलांच्या मधे जाड उभी रेघ दिसेल. 23 मध्ये बारावा ताणा एकटा राहतो आणि जोड्या 11-13, 10-14 अशा लागतात. विषमाला विषम, समाला सम, म्हणून साधी वीण बिघडत नाही. मधली जागा 37 ठेवा, रिपीट 60 म्हणजे सम होईल. जमिनीला दोन वह्याही चालतात, पण दोनात ताण्यांची गर्दी होते, चारच बऱ्या.

मृण्मयी_दादर
भन्नाट! आणि पुढच्या ओळीत फुलं मधल्या जागेत सरकवायची असतील तर?

गिरणगावकर
मग दुसऱ्या ओळीच्या फुलाला स्वतःच्या 12 वह्या लागतील. 12, 12 आणि 4 मिळून 28, म्हणजे पुन्हा बाहेर. फूल 11 ताण्यांचं केलंत तर 6, 6 आणि 4, बरोबर 16. पण ते अर्ध्या सेंटिमीटरच्या आतलं होईल. त्यात चाफा दिसेल का ते तुम्ही ठरवा, मला तरी तांदळाचा दाणा दिसतो.

टेक्नोसॅव्ही_ठाणे
मग जॅकार्डवर ही भानगडच नाही?

गिरणगावकर
तिथे वह्याच नसतात. ताणा उचलणारा प्रत्येक हूक स्वतंत्र, फाइलमधला एक ठिपका म्हणजे एक ताणा आणि एक पीक. 1344 हूक आणि इंचाला 60 ताणे धरले तर 22 इंचांपर्यंत काहीही काढा. त्यापुढे तोच हूक पुढच्या रिपीटचाही ताणा उचलतो. म्हणून दर 22 इंचांवर त्याच जागी उभी रेघ दिसली तर हूक अडकलाय, आणि एकाच जागी दिसली तर त्या एका ताण्याची दोरी तुटली आहे.

मृण्मयी_दादर
काल मागवाल्यांना 23 चं फूल दाखवलं. म्हणाले, डॉबीवर बसतंय, पण बीमवरचे सगळे ताणे नव्याने ओवावे लागतील आणि वहीफणीवाल्यांची मजुरी माझ्याकडून घेणार. कापड फक्त 50 मीटर हवंय. एवढ्यासाठी हा खर्च करावा की हुकांच्या दोऱ्या आधीच बांधलेलं जॅकार्ड शोधावं? भिवंडीत कुणाचा अनुभव आहे का?