नाईट शिफ्ट, छातीत जळजळ आणि आंबट ढेकर: गोळी नेमकी कधी घ्यायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय २८, पुण्यात खराडीला यूएस प्रोसेसला आहे, लॉगइन संध्याकाळी साडेसातला आणि लॉगआउट पहाटे साडेचारला. प्रश्न दोनच आहेत पण आधी काय झालं ते सांगतो म्हणजे नीट कळेल.

सात-आठ महिने छातीच्या मधोमध जळजळ व्हायची, बरगड्या जिथे जुळतात तिथून सुरू होऊन गळ्यापर्यंत चढायची. शिफ्टच्या दुसऱ्या अर्ध्यात ढेकर सुरू व्हायचे आणि प्रत्येक ढेकराबरोबर आंबट पाणी घशाशी यायचं. कस्टमर बोलत असताना मी म्यूटवर बोट ठेवूनच बसायचो, ढेकर आला की म्यूट, गिळलं की अनम्यूट. नंतर आवाज बसायला लागला, सारखं खाकरायला व्हायचं, क्वालिटीच्या कॉलमधे ते मार्क झालं. मला वाटलं एसीमुळे होतंय. ड्रॉवरमधे पित्ताच्या पुड्या ठेवलेल्या, एक पाण्यात टाकली की अर्धा तास बरं, मग परत तेच. फ्लोअरवर निम्म्या लोकांना ॲसिडिटी आहे त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं डोक्यातच आलं नाही.

मागच्या महिन्यात झोपेतून ठसका लागून उठलो, तोंडात कडू-आंबट पाणी, श्वासच घेता येईना, रूममेटने पाठ चोळली. त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मग विचारलं की गिळताना घास अडकतो का, वजन आपोआप कमी झालंय का, शी डांबरासारखी काळी होते का, उलटीत रक्त दिसलं का. सगळ्याला नाही म्हटल्यावर म्हणाले की सध्या एंडोस्कोपीची घाई नको. आणि मग जो प्रश्न विचारला तो मला आजवर कोणी विचारला नव्हता, "शेवटचं खातोस कधी आणि आडवा होतोस कधी?"

मी सांगितलं, कॅबमधून उतरलो की साडेपाचला गाडीवर भुर्जी-पाव, वर चहा, आणि पावणेसहाला झोप.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे बटवा काढून दाखवला. म्हणाले अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचा वेढा असतो, बटव्याची नाडी आवळावी तसा. पोट तुडुंब भरलेलं असलं, तेलकट असलं, की ही नाडी मधेमधे सैल पडते. उभा असशील तर वजनाने बरंचसं खाली राहतं, पण लगेच आडवा झालास की सगळं वर. जठराला आतून ॲसिड सोसायचं अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही, म्हणून जळतं. घशापर्यंत गेलं की आवाज बसू शकतो. हे रिफ्लक्स. म्हणजे ॲसिड जास्त बनतं म्हणून नाही, ते नको त्या जागी जातं म्हणून त्रास, हे ऐकून मला पहिल्यांदा सगळं जुळलं.

पँटोप्राझोल ४० दिलीये ८ आठवडे, "सकाळी उपाशीपोटी". झोपायच्या आधी ३ तास काही खायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू ६ इंच वर. आज पाचवा आठवडा. जळजळ निम्म्याने कमी आहे पण गेलेली नाही.

प्रश्न १: माझी सकाळ कुठली? मी पहाटे साडेपाचला घेऊन झोपतोय. आणि शनिवार-रविवार गावी गेलो की रात्री झोपतो, तेव्हा काय?
प्रश्न २: आम्ही तिघं जमिनीवर गादी टाकून झोपतो, पलंगच नाही, तर वर काय करू?

कोल्हापुरी_तांबडा: दोन उशा घे की भावा. आणि झोपताना गार दूध, माझं पित्त त्यानेच गेलं. गोळीबिळी बंद कर.

माईची_लेक: दादा, ईसीजी काढलात हे फार चांगलं केलंत. माझ्या आईला (५६, शुगर आहे) अशीच जळजळ होती, आम्ही दोन दिवस जिरं-ओवा देत बसलो आणि तो हार्टचा त्रास निघाला. चालताना जिना चढताना जळजळ वाढत असेल, घाम येत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखत असेल तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल.

प्रश्नकर्ता: ताई, आईंना आता बरं आहे ना? मला चालताना काही होत नाही, वाकलं किंवा आडवं झालं की होतं. पण लक्षात ठेवतो.

सांगलीचा_फार्मासिस्ट: १९ वर्षं काउंटरवर आहे, ही चूक रोज बघतो. ही गोळी पुडीसारखी बनलेलं ॲसिड मारत नाही. जठरात ॲसिड सोडणारे पंप असतात, ते जेवण आलं की जागे होतात, आणि गोळी फक्त जाग्या पंपालाच बंद करते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास पोटात हवी, आणि मग खरंच जेवायला हवं. तुम्ही पहाटे घेऊन झोपता, नंतर सात-आठ तास अन्न नाही, तोवर तिचा रक्तातला अंमल संपून जातो. निम्मी गोळी वायाच जातेय असं समजा. तुमची सकाळ म्हणजे तुम्ही उठता ती. दुपारी दीडला उठलात तर उठल्याउठल्या गोळी, दोन-सव्वादोनला जेवण. गावी सातला उठलात तर सातला, नाश्ता पाऊण तासाने. दोन गोळ्यांमधे १७-१८ तास पडले तरी चालतं, फक्त चुकली म्हणून डबल घेऊ नका.

दुधाबद्दल, गार दुधाने घटकाभर बरं वाटतं पण नंतर जठर परत ॲसिड सोडतं, आणि झोपताना प्यायलं तर भरल्या पोटी आडवं होण्यासारखंच झालं. उशांनी फक्त मान वाकते, पोट दुमडून दाब उलट वाढतो. कमरेपासून वरचं अंग उतरतं हवं.

बारामती_ते_बाणेर: आमच्याकडे वडिलांसाठी केलेलं, तेही खालीच झोपतात. साडेतीन-चार फुटी प्लायवुडचा तुकडा, डोक्याच्या बाजूला खाली दोन-दोन विटा आडव्या, वर गादी. विटा सरकतात म्हणून खाली गोणपाट टाका. आणि डाव्या कुशीवर झोपा, उजव्या कुशीवर झोपलं की ते पाणी बरोबर नाडीच्या तोंडाशी येऊन थांबतं.

रात्रपाळी_नर्स: एक शंका. त्रास झोपेत होतोय तर गोळी शिफ्टमधल्या जेवणाआधी घेतली तर? आमच्या इथे एक सर रात्रीच्या त्रासाला तशीच देतात.

सांगलीचा_फार्मासिस्ट: देतात काही जण, चुकीचं नाही. पण वेळ बदलायची ती त्यांच्या डॉक्टरांना विचारून, मी इथून सांगणार नाही. आणि ८ आठवडे झाल्यावर मनानेच धाडकन बंद करू नका, अडवून ठेवलेले पंप पहिले काही दिवस जोरात चालतात, लोकांना वाटतं आजार परत आला आणि ते परत गोळी सुरू करतात. कशी उतरवायची तेही त्यांनाच विचारा.

कोल्हापुरी_तांबडा: उशांचं मला माहीत नव्हतं. बघतो मीपण.

प्रश्नकर्ता: खूप आभार सगळ्यांचे. सहा दिवस झाले म्हणून सांगायला आलो. गोळी दुपारी उठल्यावर घेतोय. भुर्जी बंद, अडीचच्या ब्रेकला घरून नेलेली पोळी-भाजी खातो, त्यानंतर फक्त पाणी, आणि साडेपाचला कॅबमधून उतरलो की गाडीच्या विरुद्ध बाजूने चालतो कारण वास आला की भूक लागतेच. प्लायवुड आणलं, पहिल्या रात्री घसरत खाली गेलो, मग गुडघ्याखाली चादरीची वळकटी ठेवली तेव्हा जमलं. झोपेत ठसका एकदाही नाही. आवाज मात्र अजून बसतो, शिफ्ट संपेपर्यंत खाकरतोच. डॉक्टर म्हणाले होते घशाला वेळ लागतो, पण किती ते विचारायचं राहिलं. इथे कोणाचा आवाज यातून परत आला असेल तर किती आठवडे लागले ते सांगा, पुढच्या महिन्यात माझं परत ऑडिट आहे.