हॅबिट ट्रॅकर: वही का ॲप? आणि चौकोन रंगवायचं व्यसन

स्ट्रीकवाला (मूळ पोस्ट):
अजूनही वहीत चौकोन आखून सवयींवर खुणा करणाऱ्यांचं मला हसू येतं. फोन खिशातच असतो, ॲप आठवण करतं, ग्राफ काढतं, सलग किती दिवस झाले ती स्ट्रीक दाखवतं. स्ट्रीक तुटेल या भीतीनेच माणूस उठतो. २१ दिवस रेटा, सवय लागते. वही म्हणजे निव्वळ स्टेशनरीचा शौक. बोला.

चिंचगूळ:
हसा खुशाल, पण "भीतीनेच माणूस उठतो" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांबेल.

आमच्या बाबांना शुगर. डॉक्टरांनी एकच साधी गोष्ट सांगितलेली, दोन्ही जेवणांनंतर पंधरा-वीस मिनिटं चाला. भावाने हौसेने मनगटावर घड्याळ बांधलं, फोनात ॲप टाकलं, टार्गेट दहा हजार पावलं. बाबा रिटायर्ड बँकवाले, आकडा दिसला की जुळवल्याशिवाय चैन नाही. झालं काय, तर ते पहाटेच बागेत जाऊन सगळी पावलं एकदम उरकायला लागले, नऊच्या आत गोल हिरवा. नंतर दुपारी जेवले की आडवे आणि रात्री जेवले की सिरीयल. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं एकही चालणं होत नव्हतं, आणि ॲपच्या मते माणूस आदर्श! पाऊस असला तर रात्री साडेअकराला हॉलमध्ये येरझाऱ्या, आई झोपेतून ओरडतेय. एकदा तर टीव्हीसमोर बसून नुसता हात झुलवताना पकडले. जेवणानंतरची शुगर होती तिथेच, आणि आम्ही सगळे ग्राफ बघून खूश.

शेवटी मी घड्याळ काढून ठेवलं आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात आडवी रेघ मारली, वर दुपार, खाली रात्र. दोऱ्याने पेन तिथेच टांगलं. जेवून चालून आले की टिक. पावलं किती, हे कुठेच लिहायचं नाही. रविवारी जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटर आणि तो आकडा त्याच चौकोनात लाल पेनने. लाल आकडे खाली यायला लागलेले त्यांना स्वतःलाच दिसले. हा तुमचा स्टेशनरीचा शौक.

स्ट्रीकवाला:
ताई, बाबांना बरं वाटतंय हे चांगलंच आहे, पण यात ॲपचा काय गुन्हा? टार्गेट तुमच्या भावाने चुकीचं लावलं. "दुपारी जेवून चाललो" आणि "रात्री जेवून चाललो" अशा दोन सवयी कुठल्याही फुकट ॲपमध्ये टाकता येतात, वर दोन वाजता फोन वाजेल तो बोनस. आणि वहीत माणूस खोटं बोलत नाही का? कॉलेजचं जर्नल आपण सगळ्यांनी सबमिशनच्या आदल्या रात्री भरलंय. महिनाअखेरीला एकाच पेनाने, एकाच दमात तीस टिका मारलेली वही मी डोळ्यांनी बघितलीय.

चिंचगूळ:
टाकता येतात हो, टाकतं कोण? ॲप उघडल्यावर समोर जे येतं तेच लोक वापरतात, आणि समोर येतात ती पावलं कारण फोनला तेवढंच मोजता येतं.

मॅनेजर_नाना:
याला गुडहार्टचा नियम म्हणतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ, १९७५. माप हेच टार्गेट झालं की ते माप कामाचं राहत नाही. आमच्या पूर्वीच्या ऑफिसात तक्रार किती तासांत बंद झाली यावर अप्रेझल होतं. पोरं काय करायची, गिऱ्हाइकाचा प्रश्न सुटो न सुटो तिकीट बंद, मग त्याने परत फोन केला की नवीन तिकीट, तेही बंद, म्हणजे एकाच रडगाण्याचे तीन गुण. मी रात्री उशिरापर्यंत बसून खरोखर प्रश्न सोडवायचो, माझा नंबर कायम खालून दुसरा. इन्क्रिमेंट कोणाला मिळालं ते विचारू नका. तात्पर्य, मोजूच नका. ज्याला करायचंय तो करतो.

स्लो_लोकल:
नाना, इन्क्रिमेंटचं दुःख पोचलं, पण नियम अर्धाच घेतलात. त्यातून "मोजू नका" निघत नाही, ज्या आकड्यावर बक्षीस लावाल तो वाकेल एवढंच निघतं. चिंचगूळने मोजणं थांबवलं नाहीये, चौकोन बदललाय.

आता २१ दिवस. हे एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून आलं. त्याने १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. पुढे "निदान" गळून पडलं आणि व्यायामापासून लवकर उठण्यापर्यंत सगळ्याला २१ चिकटले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर खरंच अभ्यास झाला, त्यात ६६ हा मधला आकडा आला. कोणाला १८ दिवस, कोणाला २५४, आणि तो २५४ पण वक्ररेषा पुढे वाढवून काढलेला, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता. स्ट्रीकवाल्यांसाठी त्यातली कामाची गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. तुमचं ॲप मात्र त्याच एका दिवसासाठी शून्य दाखवतं.

सगळी ॲपं तशी नसतात. अँड्रॉइडवर लूप हॅबिट ट्रॅकर नावाचं फुकट, ओपन सोर्स आहे. स्ट्रीक त्यातही दिसते, पण मुख्य आकडा असतो सवयीच्या बळाचा. रोजच्या सवयीत सलग महिनाभर केलं तर तो साधारण ८० टक्क्यांवर जातो. ९० वर असताना एक दिवस बुडाला तर ८५ च्या आसपास येतो, शून्य नाही. हे गणित माणसाशी जास्त जुळतं. स्ट्रीक तुटली की लोक दुसऱ्या दिवशी सुद्धा सोडतात, "आता काय, गेलंच" म्हणून. खरं नुकसान तिथे होतं.

ट्रॅकिंगच ध्येय झालंय हे ओळखायचं कसं? व्याख्या आकसते. "अर्धा तास वाचन" लिहिलेलं असतं, पंधरा दिवसांनी दहा मिनिटांना टिक, मग झोपताना दोन पानांना टिक, मग मोबाईलवरचा लेख पण वाचनच ना. टिक तीच, चौकोन तितकाच हिरवा. म्हणून महिना सुरू होतानाच वर लिहून ठेवायचं की कमीत कमी किती झालं तर टिक, त्याखाली अर्धी रेघ, त्याहून कमी तर रिकामं. आणि मधे नियम बदलायचा नाही.

आणि चिंचगूळ, एक खुसपट. रविवारच्या जेवणानंतर बाबा चालले असतील तर तो लाल आकडा मुख्यतः त्याच चालण्याचा आहे, आठवड्याचा नाही. आठवड्यातला दुसरा कुठलाही वार न सांगता निवडा, आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी टेस्ट बघा. नाहीतर बाबा फक्त रविवारी चालतील. बँकवाले आहेत.

चिंचगूळ:
हे मात्र... हो. रविवारी ते जरा जास्तच उत्साहात असतात खरे. बघते. पण वहीच जिंकली.

सांजवात:
हे सगळं वाचून आमच्या आई आठवल्या. त्या रामनाम लिहायच्या वह्या आणायच्या, चौकोन आखलेल्या, रोज एक पान. ना ॲप ना ग्राफ, शेवटपर्यंत खंड नाही. आजच्या पिढीला स्ट्रीक वगैरे नवीन वाटतं.

ठसका:
घ्या, तीच तर सगळ्यात जुनी केस! आमच्या सोसायटीत एक आजी बोटात तो बटणाचा डिजिटल काउंटर घालून सिरीयल बघतात. खलनायिकेला शिव्या आणि अंगठा टकटक चालू. संध्याकाळी कट्ट्यावर आकडा जाहीर, मग दुसऱ्या आजींचा मोठा. तेरा कोटीचा संकल्प म्हणे. बारा वर्षं धरली तर रोज जवळपास तीस हजार होतात हो, सेकंदाला एक म्हटला तरी आठ तासांच्या वर. मंत्र आहे की टायपिंगची परीक्षा?

सांजवात:
तुम्हाला श्रद्धेतलं काही कळत नसेल तर निदान म्हाताऱ्या माणसांची टिंगल करू नका. तेरा कोटी परंपरेने समर्थांच्या टाकळीच्या तपश्चर्येशी जोडलेले आहेत, तिथे कट्टा आणि सिरीयल नव्हती. चर्चा ॲपची चाललीये, देव मधे कशाला?

ठसका:
वही तुम्हीच आणलीत मधे.

मॅनेजर_नाना:
ठसका बरोबर आहे. आमच्या भजनी मंडळात पण हजेरीचं रजिस्टर आहे, सही करून कलटी मारणारे चौघे...

सांजवात:
नाना, तुम्ही प्रत्येक ठिकाणी ऑफिस का आणता?

आणि ठसका, उत्तर देतेच. माळ मोजायला असतेच, पण ती कशासाठी ते बघा. १०८ मणी बोटांखालून सरकतात म्हणजे डोक्याला आकडा धरावा लागत नाही. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. आणि माळ असते गोमुखीत, हात पिशवीच्या आत. किती झाला ते शेजारी बसलेल्याला दिसू नये म्हणूनच. जप किती झाला ते सांगत सुटायचं नाही, हे आई नेहमी म्हणायच्या. कट्ट्यावर जाहीर करणाऱ्या तुमच्या आजी असतील, रीत ती नाही.

स्लो_लोकल:
या धाग्यातलं सगळ्यात कामाचं हेच वाटलं. मोजणी हाताकडे, डोकं मोकळं, आणि आकडा झाकलेला. स्क्रीनशॉट ग्रुपवर पडायला लागले की तो आकडा ग्रुपचा होतो, मग त्याच्यासाठीच साडेअकराच्या येरझाऱ्या. लूपमध्ये निदान खातं काढावं लागत नाही, सगळं फोनातच राहतं.

ठसका:
ठीक आहे, गोमुखीचं मान्य. काउंटरचं नाही. तो अंगठा माझ्या स्वप्नात येतो.

पाऊणतास:
मी वाचतोय शांतपणे. मला रियाजासाठी हवंय, तबला. ॲपमध्ये टायमर लावला तर मी जे येतं तेच वाजवत बसतो, तीनतालातली कायदा नावाची बोलांची रचना, तीही सोपी, चाळीस मिनिटं भरली की बंद. गुरुजी म्हणतात डावा अजून उमटत नाही. मग मिनिटं मोजायची का नाही?

स्लो_लोकल:
मिनिटं ठेवा, पण टिक त्यावर नको. जो कायदा अडतोय त्याचं नाव लिहा, आणि मेट्रोनोमवर कुठल्या लयीपर्यंत डावा स्वच्छ राहिला तो आकडा. सोपा कायदा वाजवून तो आकडा हलणार नाही. मात्र हाही उद्या वाकेल, लय वाढवायच्या नादात बोल खाल. तेव्हा महिन्यातून एकदा रेकॉर्ड करून गुरुजींना ऐकवा.

पाऊणतास:
गुरुजींना नको, ते खरं बोलतात.

स्ट्रीकवाला:
अरे धागा माझा आहे, जप आणि तबला कुठून आले. ठीक आहे, २१ चं मागे घेतो, मोठ्या लोकांनी संशोधन केलंय. पण माझी जिमची स्ट्रीक तीन आकडी आहे आणि ती केवळ ॲपमुळे आहे, ताप असताना सुद्धा गेलोय.

चिंचगूळ:
ताप असताना जिमला? कोणासाठी गेला होतात नक्की?

स्ट्रीकवाला:
स्वतःसाठी. आणि प्लीज "आकडा वाकतो" सुरू करू नका.

मॅनेजर_नाना:
आमच्याकडे पण एकजण ताप असताना यायचा, बेस्ट अटेंडन्सच्या ट्रॉफीसाठी. अर्ध्या मजल्याला व्हायरल देऊन गेला.

सांजवात:
नाना!!