क्रिटिकल पाथवरचं सर्वांत स्वस्त काम आधी क्रॅश करायचं: हा नियम कुठपर्यंत पुरतो?

मोजपट्टी
छोट्या औद्योगिक शेडचं वेळापत्रक करते आहे. पायाला १२ दिवस. तो झाला की पेडेस्टल आणि अँकर बोल्टला १० दिवस, आणि त्याच वेळी सुरू होणाऱ्या गटार व जमिनीखालच्या टाकीला २२ दिवस. वर्कशॉपमधलं फॅब्रिकेशन पहिल्या दिवसापासून, २० दिवस. पेडेस्टल आणि फॅब्रिकेशन दोन्ही तयार झाल्यावर उभारणी व पत्रे, १४ दिवस. एकूण ३६ दिवस होतात.

एक दिवस कमी करण्याचा जादा खर्च असा: पेडेस्टल ५,०००, पाया ८,०००, गटार-टाकी ८,०००, फॅब्रिकेशन ९,०००, उभारणी ९,०००. कुठलंही काम तीन दिवसांपेक्षा जास्त कमी होत नाही. साइटचा ओव्हरहेड रोज १४,०००. क्रिटिकल पाथवरचं स्वस्त काम आधी, या नियमाने मी ३४ दिवसांवर थांबते. पटतंय का?

बारचार्ट
पटतंय. पाया, पेडेस्टल, उभारणी हा सर्वांत लांब रस्ता आणि त्यात पेडेस्टल स्वस्त. दोन दिवस कमी केलेत, १०,००० गेले, ओव्हरहेडचे २८,००० वाचले. तिसरा दिवसही कमी करायचा मोह अनेकांना होतो, पण तो पैसा वाया जातो. फॅब्रिकेशन-उभारणी आणि पाया-गटार हे दोन्ही रस्ते ३४ चे आहेत, त्यामुळे शेड ३४ व्याच दिवशी पुरी होणार.

इथून पुढे तिन्ही रस्ते एकदम कमी व्हायला हवेत. पाया आणि फॅब्रिकेशन धरलं तर दिवसाला १७,०००. उभारणी आणि गटार धरलं तरी १७,०००. दोन्ही १४,००० च्या वर. थांबायचं.

घटिका
३४ वर थांबू नका, ३२ पर्यंत जा. बारचार्ट यांनी दोन जोड्या पाहिल्या, तिसरी राहिली: पाया आणि उभारणी.

या दोघांचा एकेक दिवस कमी केला की फॅब्रिकेशनचा रस्ता एका दिवसाने कमी होतो आणि गटाराचाही. पण पेडेस्टलच्या रस्त्यावर ही दोन्ही कामं असल्याने तो दोन दिवसांनी कमी होतो, म्हणजे गरजेपेक्षा एक दिवस जास्त. तो जास्तीचा दिवस पेडेस्टलला परत द्यायचा आणि आधी मोजलेले ५,००० वाचवायचे. आठ अधिक नऊ वजा पाच, म्हणजे दिवसाला १२,०००. हे ओव्हरहेडपेक्षा कमी आहे.

असं दोनदाच करता येतं, कारण पेडेस्टलला परत द्यायला दोनच दिवस आहेत. शेवटी पाया १०, उभारणी १२, पेडेस्टल पुन्हा १०. तिन्ही रस्ते मोजून बघा, प्रत्येक ३२ येतो. जादा खर्च ३४,०००, वाचलेला ओव्हरहेड ५६,०००, निव्वळ फायदा २२,०००. तुमच्या ३४ दिवसांत तो १८,००० आहे. त्यापुढे परत घ्यायला काही उरत नाही, सगळ्या जोड्या १७,००० ला पडतात, म्हणून ३२ ला थांबायचं.

स्वस्त काम आधी हा नियम प्रत्येक पावलाला फक्त पुढे पाहतो. समांतर रस्ते क्रिटिकल झाले की आधी विकत घेतलेले दिवसही पुन्हा हिशेबात घ्यावे लागतात. केली आणि फुल्करसन यांनी १९६१ मध्येच नेटवर्क फ्लोची जी रीत मांडली, तिच्यात ही परतफेड आपोआप होते.

ओली_भिंत
आमच्या बंगल्याच्या स्लॅबला ठेकेदार २८ दिवस क्युरिंग सांगतोय. तेही असंच रोजचे पाच हजार देऊन कमी होईल का?

रेवती_साइट
ओली_भिंत, २८ दिवस हे क्यूब टेस्टचं वय आहे. आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि ब्लेंडेड सिमेंटला किमान १० दिवस ओलावा ठेवायचा. त्याखाली पैसे देऊन जाऊ नका, ताकद आणि टिकाऊपणा दोन्ही जातात. खालचे टेकू कधी काढायचे हा वेगळा प्रश्न आहे, तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

बारचार्ट
घटिका, गणित समजलं, पण साइटवर पाच हजार परत कोण देतो? सेंटरिंगचा जादा सेट आला, सुतारांना उचल दिली, की तो पैसा गेला. शिवाय खर्च दिवसागणिक सारखा नसतो. पायाचं काँक्रीट रात्री करायचं तर पंप आणि दिवे एका दिवसासाठी आणा की दोन, बिल जवळपास तेच.

घटिका
पैसा कुणाकडून परत मागायचाच नाही. ही सगळी आकडेमोड वर्क ऑर्डर निघण्याआधीची आहे, आणि अंतिम वेळापत्रकात पेडेस्टल क्रॅश केलेलंच नाही. सेट आधीच मागवून बसलात तर मात्र तुमचं खरं: परतफेड शून्य, जोडी १७,००० ची, ३४ वर थांबा.

एकरकमी खर्चाचा मुद्दाही बरोबर. तिथे दिवसाला इतके असा सरळ दर वापरू नये. ‘दोन दिवसांचं पॅकेज घ्यायचं की नाही’ असा हो-नाही पर्याय करून एक्सेल सॉल्व्हरला द्यावा. पाच कामांत हातानेही होतं.

रेवती_साइट
मी तरी ३४ च धरेन. फायद्यातला फरक चार हजारांचा, आणि त्यासाठी पायासारखं सर्वांत बेभरवशाचं काम १२ वरून १० वर आणायचं. पाया सुरुवातीचं काम, खाली काय लागेल ते खोदल्यावरच कळतं. पायाचे क्रॅश करता येणारे तीन दिवस मी राखीव ठेवेन.

घटिका
राखीव दिवस दोन्हीकडे मोजा. पाया दोन दिवस लांबला तर पेडेस्टल आणि गटार दोन्हीत भरपाई लागते, दिवसाला १३,०००. ३२ च्या आखणीत पेडेस्टलचे तिन्ही दिवस शिल्लक आहेत, म्हणून दोन्ही दिवस याच दराने भरून निघतात. ३४ च्या आखणीत पेडेस्टलचा एकच दिवस उरला आहे. दुसऱ्या दिवसासाठी उभारणी आणि गटार धरावं लागेल, १७,०००. फ्लोट तर दोन्हीकडे शून्यच.

रेवती_साइट
पाया पुरा होऊन उशीर कळला तर हे ठीक. पण खडक खोदताना तिसऱ्या दिवशीच दिसतो, तेव्हा ३४ मध्ये पायातच भरपाई करता येते, तीही दिवसाला ८,००० मध्ये. ३२ मध्ये पायाचा एकच दिवस उरतो. अर्थात कठीण खडकात तो आठ हजारांचा दर टिकेल का, हे ट्रायल पिट घेतल्याशिवाय तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही नाही.

मोजपट्टी
ट्रायल पिट अजून घेतलेले नाहीत, ते आधी घेते. सोबत पायाच्या ठेकेदाराकडून दोन दिवसांचा एकत्र दर मागवते. आत्ता तो १६,००० धरला आहे. २०,००० च्या वर गेला तर ३२ चा जादा फायदा तिथेच संपतो. पेडेस्टलच्या जादा सेंटरिंगची ऑर्डर तोवर थांबवली आहे.

बारचार्ट
उभारणीच्या दोन दिवसांचाही तसाच मागवा. क्रेनचं भाडं किमान किती दिवसांचं लावतात ते विचारा, नऊ हजारांचा दर त्यावर अवलंबून आहे.